‘तयारी चालू आहे’ म्हणून सांगून ठेवलंय, पण निकाल तर लागलाय. रविवारी काय सांगू?

जांबोटी_घाट · सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. वय २८, खानापूर तालुका. शाळा मराठी माध्यमातली, नंतर मेकॅनिकल डिप्लोमा. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये साडेतीन वर्षं क्वालिटीला होतो, दिवसभर हातात व्हर्नियर आणि गेज. गेल्या वर्षी ते सोडलं आणि सरकारी भरतीच्या मागे लागलो.

निकाल तीन आठवड्यांपूर्वी लागला. सक्तीच्या कन्नडच्या पेपरात १५० पैकी ५० लागतात, मला ४६ पडले. त्यामुळे बाकीच्या पेपरांत काय दिवे लावले ते कुणी बघणारच नाही.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये मित्राच्या लग्नात एक मुलगी भेटली. मूळची निपाणीची, टिळकवाडीत एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, तिथेच जवळ खोली घेऊन राहते. तीन वेळा भेटलोय. दोन्ही घरी काही माहीत नाही आणि लग्नाचा विषयही निघालेला नाही. पहिल्या भेटीत तिने विचारलं, ‘काय करालास सध्या?’ मी म्हणालो, ‘भरतीची तयारी चालू आहे.’ तेव्हा ते खरं होतं. तिसऱ्या भेटीच्या चार दिवस आधी निकाल लागला होता. तिने विचारलं, ‘पुढची परीक्षा कधी?’ तोंडातून निघून गेलं, ‘बहुतेक दिवाळीनंतर.’ अशी कुठलीही परीक्षा नाही. मी अर्जसुद्धा भरलेला नाही.

रविवारी राजहंसगडावर जायचं ठरलंय. आत्ताच सांगू, की हातात काहीतरी आल्यावर? आणि सांगायचं तर किती?

---

फाउंड्री_बॉय · सोमवार, रात्री ११.०५

एका झटक्यात सगळं सांगून मोकळा हो. निकाल, मार्क, बँकेत किती आहेत, कर्ज किती, वडिलांची जमीन किती गुंठे, सगळं. माझ्या भावाने हेच केलं, पहिल्याच भेटीत. ज्याला राहायचं तो राहतो, जायचं तो जातो. लपवाछपवी मला आवडत नाही.

---

कुंदा_प्रेमी · सोमवार, रात्री ११.१२

फाउंड्री, तुझ्या भावाची ती पहिली भेट होती की बँकेत लोनची मुलाखत?

---

वडगावकर_काका · मंगळवार, सकाळी ७.२०

बाळ, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. बायोडेटात ‘स्वतःचा व्यवसाय व शेती’ असं लिही. जमीन आहे म्हणजे शेती आहेच. फोटो फुल साइझ लाव. मुलीकडचे आले की बोलणी मोठ्यांवर सोड, मुलांनी मधे बोलू नये. आमच्या वेळी मी सहा महिने घरी बसून होतो, सासऱ्यांना लग्नानंतर कळलं. काही बिघडलं नाही.

---

जांबोटी_घाट · मंगळवार, सकाळी ८.०२

काका, बायोडेटा नाहीये हो. आम्ही फक्त भेटतोय. बघायचा कार्यक्रम वगैरे अजून लांब आहे.

---

वडगावकर_काका · मंगळवार, सकाळी ८.१५

मग भेटताय कशाला?

---

शहापूरची · मंगळवार, सकाळी ९.३०

काका 🙏

जांबोटी, समोरच्या बाजूने एक सांगते. मागच्या वर्षी मी एका मुलाला भेटत होते. तो सांगायचा, ‘ऑफर होल्डवर आहे, पुढच्या महिन्यात जॉइनिंग.’ पुढचा महिना चार वेळा आला. मला संशय कशावरून आला माहितेय? त्याने एकदाही रविवार मागितला नाही. मंगळवारी सकाळी अकराला भेटू या, बुधवारी दुपारी तीनला भेटू या. पगारी माणूस असं बोलत नाही. शेवटी त्याच्या लिंक्डइनवर बघितलं तर नोकरी सुटून नऊ महिने झाले होते.

नोकरी नाही याचं मला काही वाटलं नव्हतं. पण त्या चार महिन्यांत मी त्याला चार वेळा ‘ऑल द बेस्ट’ म्हटलं होतं आणि त्याने चारही वेळा ‘थँक्यू’ म्हटलं होतं. ते थँक्यू अजून डोक्यात जातात.

---

वखारवाला_निपाणी · मंगळवार, दुपारी १.४५

माझं ऐका. ५४५ पदांची पीएसआय भरती आठवते ना? ऑक्टोबर २०२१ मध्ये परीक्षा झाली, जानेवारी २०२२ मध्ये तात्पुरती निवड यादी लागली. माझं नाव त्यात होतं. घरी पेढे वाटले आणि तीन महिन्यांच्या आत एका ठिकाणी बोलणी पक्की होत आली. एप्रिलअखेरीस भरतीच रद्द. गैरप्रकाराचं प्रकरण सगळ्यांनी पेपरात वाचलंय, मी सांगायला नको.

तेव्हा मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, नोकरी नाही. दोन, मी पैसे दिलेले नाहीत. दुसरी गोष्ट सिद्ध कशी करणार? ओएमआरची कार्बन कॉपी घेऊन मी मुलीला भेटलो. दीड तास बोललो. कुठला प्रश्न कसा सोडवला, क्लासमध्ये कितवा होतो, सगळं. ती काही म्हणाली नाही. नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं, ‘एवढं समजावून सांगतोय म्हणजे काहीतरी असणार.’

फेरपरीक्षा २०२४ च्या जानेवारीत झाली. मी दिली, यादीत आलो नाही. आता वडिलांच्या दुकानात बसतो. लग्न झालंय, दुसरीशी. तिला पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, ‘यादीत होतो, भरती रद्द झाली, परत दिली, नाही झालं, आता दुकान बघतो.’ तिने विचारलं, ‘दुकान कसलं?’

---

मालनअक्का · मंगळवार, रात्री ९.१०

वखारवाल्यांचं वाचून लिहायला बसले. मी अठरा वर्षं आमच्या भागातल्या वधू-वर मेळाव्यांचं काम केलं. आता मेळावे कमी झाले, पण मोडायला आलेल्या जुळवणीत मध्यस्थी करायला अजून बोलावतात. परीक्षावाली मुलं आणि नोकरी गेलेली मुलं, दोन्ही खूप पाहिली.

सगळा घोटाळा ‘तयारी’ या शब्दात असतो. अर्ज भरलाय, हॉलतिकीट यायचंय, तारीख लागलीय, त्यालाही तयारीच म्हणतात. आणि निकाल लागून महिना झाला, पुढे काय ते ठरलेलं नाही, रोज लायब्ररीत जाऊन पेपर चाळतो, त्यालाही तयारीच. ऐकणाऱ्याला पहिला अर्थ लागतो, तू दुसऱ्यात असतोस. मी मुलांना एकच विचारायची, ‘अर्ज क्रमांक आहे का?’ असला तर तयारी म्हण. नसला तर तू मोकळा आहेस, आणि मोकळा आहेस असंच सांग.

जांबोटी, तुझं पहिल्या भेटीतलं उत्तर खरं होतं, त्याचा त्रास करून घेऊ नकोस. नापास झालास ते तीन आठवडे सांगितलं नाहीस, तेही समजण्यासारखं आहे, माणसाला स्वतःला पचायला वेळ लागतो. गडबड फक्त ‘दिवाळीनंतर’ या शब्दाची आहे. ती एक तारीख तू तिच्या हातात दिलीस, आणि माणसं तारखेवर आपली कामं लावतात. रविवारी आधी तीच परत घे.

किती सांगायचं म्हणशील तर माझा हिशोब असा. सध्या काय स्थिती आहे, हे पहिल्या-दुसऱ्या भेटीत. विचारलं नाही तरी, एका वाक्यात. ते का झालं, किती वेळा झालं, हे ती विचारेल तेव्हा, आणि तेवढंच. रुपयांचे आकडे, घरचं कर्ज, जमिनीचा वाद, हे दोघांपैकी कुणी काही ठरवायला निघण्याआधी. म्हणजे घरी सांगण्याआधी, ती तुझ्यासाठी दुसरं स्थळ नाकारण्याआधी, किंवा तिने बदली नाही तर गाव निवडण्याआधी. तिला निर्णय घ्यायचाय आणि त्या निर्णयात तो आकडा बसतो, अशी वेळ आली की मग एक दिवस थांबायचं नाही.

फाउंड्री, तुमचं अर्धं बरोबर आहे. स्थिती लपवू नये हे खरं. पण तिसऱ्या भेटीत गुंठे आणि बँक बॅलन्स ऐकवला की समोरच्याला वाटतं आता आपणही पगाराची स्लिप काढावी. भेट संपते, व्यवहार सुरू होतो.

---

फाउंड्री_बॉय · मंगळवार, रात्री ९.३५

अक्का, मान्य. पण नंतर ‘आधी का नाही सांगितलंस’ म्हणतात त्याचं काय? कर्ज लपवलं म्हणून मोडलेली दोन लग्नं माझ्याच गल्लीत आहेत.

---

मालनअक्का · मंगळवार, रात्री ९.५०

त्या दोन्ही ठिकाणी कर्ज साखरपुड्यानंतर कळलं असेल. तिसऱ्या भेटीनंतर नव्हे.

---

फाउंड्री_बॉय · मंगळवार, रात्री ९.५२

एकात साखरपुड्यानंतर. दुसऱ्यात हळदीच्या दिवशी 😐

---

रेल्वे_गेट_दोन · बुधवार, सकाळी १०.२०

कन्नडचा पेपर हा मूळ प्रश्न आहे. मराठी माध्यमातल्या पोरांना मुद्दाम त्यात अडकवतात, त्यावर कुणी बोलत नाही. जांबोटी, एमपीएससी दे. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांत खानापूर तालुका येतो, १५ वर्षं वास्तव्याचा दाखला काढला की तिकडच्या भरतीला बसता येतं. इथे कशाला डोकं फोडून घेतोस?

---

कुंदा_प्रेमी · बुधवार, सकाळी १०.३१

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडे चारशे प्रतिसाद झालेत, तिथे जागा असेल तर बघ.

---

मालनअक्का · बुधवार, दुपारी २.००

हसू नका, त्यात एक कामाची गोष्ट आहे. जांबोटी, तू महाराष्ट्राच्या भरतीचा खरंच विचार करतोयस का? करत असशील तर ते तिला सांगायला हवं. पास झालास तर पोस्टिंग तिकडे कुठेतरी, नांदेडला म्हण किंवा पालघरला म्हण. ती टिळकवाडीत नोकरी करते, घर निपाणीला. नापास झालो हे मुलं लपवतात, पण पास झालो तर कुठे जावं लागेल हेही सांगत नाहीत. माझ्याकडे आलेली एक जुळवणी मुलगा पास झाल्यावर मोडली होती.

---

जांबोटी_घाट · बुधवार, रात्री ८.४०

सगळ्यांचे आभार. रेल्वेगेट, दाखल्यासाठी तहसीलदार ऑफिसची एक फेरी मारलीय, पण अर्ज अजून केलेला नाही. हे मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही, तिला तर लांबच.

अक्का, पैशांचं विचारतो. माझ्याकडे ४८ हजार आहेत. बाइकचा हप्ता ३,२०० जातो, बाकी फोन, पेट्रोल, लायब्ररी, चहापाणी धरून २,८००. घरी राहतो, जेवण आईच्या हातचं. म्हणजे महिन्याला सहा हजार, आठ महिने जातील. यातलं काय सांगू?

आणि हे जरा लाजिरवाणं आहे, पण लिहितो. भेटायला तिचा खर्च नाही, खोली जवळच. शनिवारी निपाणीला जाते ती पण शक्ती योजनेच्या फुकट बसने, आधार दाखवला की झालं. मागच्या वेळी कॅफेचं बिल ३६० आलं तेव्हा तिने अर्धे देते म्हटलं आणि मी नाही म्हणालो. घरी येऊन त्या ३६० चा हिशोब वहीत लिहिला.

---

कुंदा_प्रेमी · बुधवार, रात्री ८.५२

भावा, शक्तीचं दुःख सगळ्यांचंच. माझी बायको माहेरी संकेश्वरला फुकट जाते आणि तिला आणायला मी तिकीट काढून.

---

मालनअक्का · बुधवार, रात्री ९.३०

४८ हजार सांगू नकोस. हप्ता सांगू नकोस. ‘आठ महिने’ सांग. कारण तिला तुझी शिल्लक नको आहे, तू कुठपर्यंत असा राहणार हे हवं आहे. आणि त्याला दुसरा अर्धा भाग जोड: आठ महिन्यांनंतर काय. ‘एप्रिलपर्यंत एक प्रयत्न करतो, नाही झालं तर शॉपमध्ये परत’ असं काहीतरी. मात्र ते आधी स्वतःशी ठरव. तिला बरं वाटावं म्हणून तिच्यासमोर बसून ठरवलेली तारीख म्हणजे पुन्हा ‘दिवाळीनंतर’.

पुढच्या वेळी अर्धे देते म्हणाली तर घे. खरं तर चहाला बोलव, कॅफेला कशाला.

एक उलटीकडचंही सांगते, कारण तुझ्यासारखी मुलं अपराधी वाटून नको ते देऊन बसतात. समोरच्याने दुसऱ्याच आठवड्यात मार्कलिस्टचा फोटो मागितला, पीएफचं पासबुक दाखव म्हटलं, तर द्यायचं नाही. पीएफच्या पासबुकात शेवटचा भरणा कोणत्या महिन्याचा हे दिसतं, म्हणून हल्ली लोक तेच मागतात. लग्नाच्या बोलणीत घरच्यांनी घरच्यांना दाखवणं वेगळं. भेटीगाठीत पीएफचा नंबर आणि त्याचा ओटीपी कुणाला द्यायचा नाही. तशीच दुसरी बाजू: पहिल्या दोन-तीन महिन्यांत तू तिच्याकडे उसने मागायचे नाहीत, अगदी फॉर्मच्या फीसाठीसुद्धा. नोकरी नाही हे सांगणं आणि पैसे मागणं एकाच महिन्यात आलं की पहिलं खरं असूनही खोटं वाटतं.

---

शहापूरची · बुधवार, रात्री १०.१५

अक्का, मुलींच्या बाबतीत हे असं चालत नाही हो. माझं सीए इंटर दोनदा राहिलं. मी एका भेटीत तुम्ही म्हणता तसंच एका वाक्यात सांगितलं, ‘दोनदा बसले, नाही झालं, मे मध्ये परत बसणार.’ तो एकदम खूश. ‘अगं मग सोड की, कशाला एवढा ताण, माझा पगार आहे.’ मी मे म्हटलं ते त्याने ऐकलंच नाही. मुलाने नापास सांगितलं की लोक विचारतात पुढे काय. मुलीने सांगितलं की विषय संपला असं धरतात.

म्हणून मी आता उलट्या क्रमाने सांगते. आधी मे मधली परीक्षा, क्लासची वेळ, सकाळी सहा ते नऊ कुणाचा फोन घेत नाही. दोनदा राहिलं ते मग. ज्याचा चेहरा पहिल्या भागात पडतो त्याला दुसरा भाग सांगायची गरजच पडत नाही.

---

मालनअक्का · बुधवार, रात्री १०.४०

हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी मुलींनाही तेच सांगत आले.

---

वखारवाला_निपाणी · गुरुवार, सकाळी ११.००

जांबोटी, राजहंसगड रद्द कर. ती कुणाच्या गाडीवर येणार?

---

जांबोटी_घाट · गुरुवार, सकाळी ११.२५

माझ्याच. का?

---

वखारवाला_निपाणी · गुरुवार, सकाळी ११.३३

मग झालंच की. वर जाऊन सांगितलंस आणि तिला राग आला, तर तिने काय करायचं? तुझ्याच गाडीवर मागे बसून येळ्ळूरवरून टिळकवाडीपर्यंत यायचं. तिला एकटं जाता आलं पाहिजे. मी त्या ओएमआरच्या वेळी तिला गोकाकच्या धबधब्याला नेलं होतं. येताना दीड तास गाडीत एक शब्द नाही. मी रेडिओ लावला, तर ते आणखी वाईट.

---

मालनअक्का · गुरुवार, दुपारी १२.१०

अगदी बरोबर. तिच्या खोलीपासून चालत जाता येईल असं ठिकाण घे. व्हॅक्सिन डेपोत जा, संध्याकाळी माणसंही फिरायला असतात. आणि भेटल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत सांग. दोन तास गप्पा मारून निघताना सांगितलंस तर तिला ते दोन तास मागे जाऊन परत तपासावे लागतात.

---

रेल्वे_गेट_दोन · गुरुवार, दुपारी १२.३०

एवढं कशाला? व्हॉट्सॲपवर लिहून पाठव. तिला वेळ मिळेल, समोर चेहरा सांभाळावा लागणार नाही. मला तर बाई लिहून आलेलंच बरं वाटतं, उत्तर विचार करून देता येतं.

---

मालनअक्का · गुरुवार, दुपारी १२.४५

लिहिलेलं फिरतं. स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर जातो, तिथे सहाजणी त्याचा अर्थ लावतात.

---

शहापूरची · गुरुवार, दुपारी १.०५

समोर सांगितलेलंही सहाजणींना सांगितलंच जातं अक्का 😄 मला रेल्वेगेटचं पटतं. मला तेव्हा मेसेज आला असता तर मी निदान घरी बसून रडले असते, कॅफेत नाही.

---

जांबोटी_घाट · गुरुवार, रात्री १०.००

मी समोरच सांगतो. जागा बदलली. काय बोलणार ते लिहून काढलंय, बघा जरा:

‘तुला सांगायचं राहिलं, निकाल लागला. कन्नडच्या पेपरात चार मार्कांनी राहिलो. खूप वाईट वाटलं, तीन आठवडे मला घरातून बाहेर पडावंसं वाटत नव्हतं, कन्नडचा अभ्यास मी केला होता पण वेळ कमी पडला, आणि त्या दिवशी मला ताप होता. दिवाळीनंतर परीक्षा आहे असं मी म्हणालो होतो ते नक्की नाही. तू समजून घेशील ना?’

---

वखारवाला_निपाणी · गुरुवार, रात्री १०.०८

ताप काढ.

---

मालनअक्का · गुरुवार, रात्री १०.३०

तापाबरोबर अभ्यास आणि वेळही काढ. मागितलं तर देशील. ‘ते नक्की नाही’ हेही चुकीचं आहे, त्याचा अर्थ असेलही असा होतो. ‘तशी परीक्षा नाही, मी तेव्हा अंदाजाने बोललो, ते खोटं होतं’ असं सरळ म्हण. आणि शेवटचं ‘समजून घेशील ना’ तर अजिबात नको. त्यावर ती हो म्हणेल, दुसरं काय म्हणणार? तो हो काही उपयोगाचा नाही. निकाल, चार मार्क, तारीख खोटी होती, एप्रिलपर्यंत काय करणार. मग गप्प बस. तिने शेंगदाणे सोलत पाच मिनिटं काही बोललं नाही तरी गप्प बस.

---

वडगावकर_काका · शुक्रवार, सकाळी ७.०५

सगळं वाचलं. मी सासऱ्यांना लग्नानंतर कळलं म्हणालो होतो. बायकोला विचारलं काल. म्हणाली, ‘मला साखरपुड्याआधीच माहीत होतं, तुमच्या दुकानाच्या मालकाची बायको आमच्या गल्लीतली. तुम्ही कधी सांगताय बघत होते.’ छत्तीस वर्षांनी कळलं. असो. मुलाला शुभेच्छा.

---

कुंदा_प्रेमी · शुक्रवार, सकाळी ७.४०

काका, धागा तुमच्या नावावर करू या.

---

जांबोटी_घाट · रविवार, रात्री ११.२०

भेटलो. व्हॅक्सिन डेपोत, साडेपाचला. दहा मिनिटांत सांगितलं. आवाज थोडा कापला, पण वाक्यं तीच.

परीक्षेबद्दल तिने काहीच विचारलं नाही. चार मार्क ऐकून फक्त ‘अरे’ म्हणाली. दिवाळीचं सांगितलं तेव्हा थांबली. लॅबमध्ये दिवाळीच्या सुट्ट्या आळीपाळीने मिळतात. तिने या वेळी दिवाळीतली पाळी मैत्रिणीला दिली आणि स्वतः आत्ता गणपतीत सुट्टी घेतली, कारण दिवाळीनंतर माझी परीक्षा म्हणजे दिवाळीत मी भेटणार नाही, असं तिने धरलं होतं. ‘मी त्यावर सुट्टी बदलली होती,’ एवढंच म्हणाली. ओरडली वगैरे नाही. तेवढ्या एका वाक्यावर मला ती जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

महाराष्ट्राच्या दाखल्याचंही सांगितलं. त्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे झालं तर तू तिकडे, नाही झालं तर शॉपमध्ये.’ मी हो म्हणालो. मग म्हणाली, आठ दिवसांनी बोलू. चालत खोलीवर गेली. मी सोडतो म्हटलं, नको म्हणाली.

---

मालनअक्का · सोमवार, सकाळी ८.००

ठीक केलंस. आता आठ दिवस ‘जेवलीस का’ सुद्धा नको.

---

शहापूरची · सोमवार, सकाळी ९.१०

सुट्टीबद्दल मात्र एकदा सॉरी म्हण, तेवढाच एक मेसेज. परीक्षेबद्दल नाही, फक्त सुट्टीबद्दल. मला तो हवा असता.

---

मालनअक्का · सोमवार, सकाळी ९.३०

रविवारी समोर म्हणाला असेल तर परत नको.

---

जांबोटी_घाट · सोमवार, सकाळी ९.४५

म्हणालो नव्हतो. तोंडच उघडलं नाही. आत्ता पाठवला: ‘सुट्टीचं फार वाईट झालं माझ्यामुळे, सॉरी.’ निळ्या टिका आल्यात.

---

जांबोटी_घाट · गुरुवार, रात्री ९.००

मंडळी, नवीन अडचण. आज जुन्या शॉपच्या सुपरवायझरचा फोन आला. क्वालिटीतला एकजण पुण्याला गेला, जागा रिकामी आहे. १७,५०० देतो म्हणाले, पहिली तारीख धरून ये. संध्याकाळी सहा नंतर मोकळा, म्हणजे कन्नडचा क्लासही करता येईल. मी हो म्हणालो.

अजून तीन दिवस आहेत. तिला हे आत्ता सांगू की रविवारी?

---

फाउंड्री_बॉय · गुरुवार, रात्री ९.०४

आत्ता! चांगली बातमी आहे, थांबतोस कशाला?

---

मालनअक्का · गुरुवार, रात्री ९.२०

रविवारी. ती तुझ्याबद्दल बिननोकरीचा धरून विचार करतेय, तो तिला पुरा करू दे. मधेच पगार टाकलास तर ते आमिषासारखं दिसेल.

---

शहापूरची · गुरुवार, रात्री ९.४१

पण अक्का, ती एका गोष्टीवर विचार करतेय जी आता खरी नाही. हे पुन्हा तेच झालं ना, ‘दिवाळीनंतर’सारखं?

---

वखारवाला_निपाणी · गुरुवार, रात्री ९.५०

अक्का, यावर तुम्ही काय म्हणता?

---

मालनअक्का · गुरुवार, रात्री १०.२५

विचार करतेय.